कडू लागायच्या आधी

हरणाचा फरा जळाला तेव्हा फक्रुद्दीन खानसामा देगेपासून हातभर अंतरावर उभा होता. हातात चिमटा, नजर झाकणावर, आणि आत मांस करपून धूर मुदपाकखान्याच्या आढ्याला लागलेला. धूर त्याला दिसत होता, पण मुदपाकखान्यात धुराचं काय नवल? शेवटी शेजारच्या कोठीतून कारभारी जोतीराम धोतर सावरत धावत आला आणि बोंबलला, "आरं जळालं की! ते नाक हाय का नुसतं भोक?"

हे कोल्हापुरातल्या सरदार आबासाहेबांच्या वाड्यावर घडलं. राज्य महाराजांचं होतं, पण त्या दिवाळीत गावावर हुकमत चालली ती मानमोडीच्या तापाची. घरटी माणूस गेलं. त्या तापातून जी उठली, ती भिंतीला धरून चालायला शिकली आणि आपापल्या कामाला लागली, कारण काम कुणाला चुकलं आहे? फक्रुद्दीनही तसाच उठला होता. वाड्यावर परत आल्यावर त्याच्या हातचा हा पहिलाच मोठा पदार्थ, आणि त्याचा कोळसा झाला.

आता कुणी म्हणेल, इतका मुरलेला खानसामा, त्याला डोळ्यांनी दिसलं नाही? नाही दिसलं, आणि तो दोष डोळ्यांचा नव्हता. फऱ्याला कॉफी चोळलेली होती. हरणाचं मांस सुकं, चरबीविना. म्हणून ते रात्रभर गार केलेल्या कॉफीच्या पाण्यात मीठ, आलं, लसूण घालून भिजत ठेवायचं, सकाळी पुसून कोरडं करायचं, आणि वरून वस्त्रगाळ कॉफी, लाल तिखट, मिरी, मीठ आणि किसलेला गूळ तुपात कालवून चोळायचा. जेवढं तिखट तेवढीच कॉफी, आणि लेप पातळ, बोटाखाली मांस जाणवेल इतकाच. मग झाकणावर थोडे निखारे, खाली त्याहून थोडे. गूळ आणि कॉफी दोन्ही जळायला टपलेले, म्हणून आच मंद हवी. पण खरी गोम पुढंच आहे. हा लेप चुलीवर चढायच्या आधीपासूनच काळा. कोंबडी तांबूस झाली की डोळा सांगतो, मासा पिवळा पडला की डोळा सांगतो. हा काळाच चढतो आणि काळाच उतरतो. भाजला की करपला, हे एकटं नाक सांगतं.

आणि फक्रुद्दीनचं नाक तापात गेलं होतं. म्हणजे जागेवर होतं, देखणंही होतं, पण त्याला वास येत नव्हता. अत्तराचा नाही, शेणाचा नाही, कांद्याचा नाही, स्वतःच्या घामाचाही नाही. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. पायानं अधू झालेला पैलवान निदान वस्ताद म्हणून तालमीत बसतो. नाकानं अधू झालेल्या खानसाम्याला कोण कुठं बसवणार?

आबासाहेबांनी एक तुकडा तोंडात घातला आणि ताट सरकवलं. जोतीरामनंच रदबदली केली. "बायको गेली जी त्येची. चित्त ठिकाणावर न्हाई." आबासाहेबांनी मान हलवली आणि ते प्रकरण तेवढ्यावर मिटलं.

बायको गेली, हे खरं होतं. चित्त ठिकाणावर नाही, हे मात्र खरं नव्हतं. चित्त अगदी ठिकाणावर होतं, आणि फक्रुद्दीनला खटकत होतं ते नेमकं हेच. तो आणि नजीरा एकाच दिवशी आजारी पडले. तो शुद्धीवर आला तेव्हा शेजारची झुंबरबाई त्याच्या तोंडात पेज घालत होती आणि नजीराला मूठमाती देऊन लोक केव्हाच परतले होते. झुंबरबाईनं रडत रडत सांगितलं. त्यानं ऐकलं, आणि पेज गिळली. पुढंही त्याला काही झालं नाही. कबरीवर गेला, फुलं घातली, फातिहा म्हटला, घरी आला. दुसऱ्याच कुणाच्या बायकोच्या कबरीवर जाऊन यावं तसं वाटलं. आपण मुळात दगडच होतो आणि आजवर कुणाच्या लक्षात आलं नाही, अशी त्यानं मनाशी खूणगाठ बांधली.

लोक मात्र त्याला चांगलं म्हणत. भाजी आळणी झाली की म्हणत, दुःख आहे. कांदा करपला की म्हणत, दुःख आहे. नसलेल्या दुःखाच्या आड त्यानं गेलेलं नाक लपवलं होतं, आणि त्याची त्याला लाजही वाटत नव्हती.

जोतीराम मात्र कारभारी होता, नुसता दयाळू असून त्याचं भागत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यानं फक्रुद्दीनला कोठीत बोलावलं.

"फकरू, म्हयन्याअखेर सायेब लोक येणार हायेत शिकारीला. फरा तुझाच मागितलाय त्यांनी. ह्या बारीला जळाला तर मी मधी पडणार न्हाई. दुसरा खानसामा बगायला लागंल."

"न्हाई जळणार."

"तुझ्या घरवालीचा चाळिसावा कदी हाय?"

"त्येच्या आधीच हाय."

"येतो मी जेवाय. तुजा हात सावरला का न्हाई, ते बगून जातो."

जोतीरामच्या भावकीतले लोक या येण्याजाण्यावरून त्याला नावं ठेवत. पण मटणाचा विषय निघाला की जोतीरामला भावकी ऐकू येत नसे.

म्हणजे परीक्षा ठरली. चाळिसाव्याचं जेवण नीट उतरलं तर फरा त्याचा, वाडा त्याचा. नाहीतर खानसामा म्हणून त्याची चूल विझली. फक्रुद्दीन घरी आला तो हाच हिशेब करत. मीठ जिभेला कळतं, तिखट कळतं, आंबट-गोड कळतं. कांदा किती परतला ते कानाला कळतं, त्याचा चर्र आवाज बसत जातो. खोबऱ्याचा रंग डोळ्यांना दिसतो. साधं मटण करून वेळ मारून नेता येईल, असं त्याला वाटलं.

पण त्याची सासू इमामबी बेळगावहून आली आणि तिनं तो हिशेब मोडला.

इमामबी बारकी, काटक आणि तोंडाची फटकळ. तिचा नवरा लालासाब हयातभर म्हैसूर मुलखात बाबाबुडनच्या डोंगरात एका मळेवाल्या साहेबाचा खानसामा होता. तिथं पाण्याआधी कॉफी मिळायची. साहेबाच्या किटलीत उरलेली कॉफी लालासाब टाकून देत नसे, मटणाच्या रश्श्यात ओतायचा. आधी काटकसर म्हणून, मग चव लागली म्हणून. फऱ्याचा लेप त्यानं जावयाला शिकवला. रस्सा मात्र लेकीला. आणि नजीरानं घरच्या चुलीला नवऱ्याचा हात कधी लागू दिला नाही. "वाड्यावर खानसामा, हितं नवरा," म्हणायची.

आल्या आल्या सामान खाली ठेवून इमामबीनं विचारलं, "चाळिसाव्याला काय करनार?"

"मटन, भात. शिरखुर्मा."

"कसलं मटन?"

"साधंच."

"मेलेल्या मान्साला आवडायचं ते करायचं असतंय त्या दिवशी. तिला काय आवडायचं तुमाला ठावं न्हाई? कॉफीचा रस्सा करायचा. आनि तुमच्या हातनं करायचा. आख्खं गाव तुमच्या हातचं खातंय, माज्या लेकीनं काय घोडं मारलंय?"

फक्रुद्दीन तिचं सामान उचलायला वाकला. इमामबीनं त्याच्या तोंडाकडं बघितलं.

"रडला न्हाई म्हनं तुमी."

"न्हाई."

"बरं," ती म्हणाली आणि पाय धुवायला मोरीकडं गेली. त्या 'बरं'मध्ये बरं काहीच नव्हतं.

चाळिसाव्याच्या आदल्या दिवशी तिनं एक शेर मटण आणवलं. आधी थोडं करून बघू, म्हणाली. चूक व्हायची ती आज होऊ दे. बेळगावहून तिनं हिरव्या कॉफीची पुरचुंडी आणली होती. फक्रुद्दीननं बिया तव्यावर टाकल्या. त्या रंग बदलत गेल्या, पिवळ्या, मग तपकिरी, मग तडतडायला लागल्या. तडतड थांबेपर्यंत तो हलवत राहिला. खरं तर कॉफी केव्हा उतरवायची हेही वासच सांगतो, पण तो गेला रंगावर आणि चुलीच्या उजेडात रंग फसवतो. बिया उतरल्या त्या चांगल्याच काळ्या. इमामबी मागं बसून लसूण सोलत होती. तिनं मान वर करून हवा हुंगली आणि पुन्हा लसूण सोलायला लागली.

बाकी सगळं बिनचूक झालं. चुलीत भाजलेला कांदा, सुकं खोबरं, तीळ, खसखस पाट्यावर लोण्यासारखं वाटलं. चटणी तेलात परतली. मटण शिजत आलं. कॉफी शेवटी घालायची हे त्याला ठाऊक होतं, उगाच पहिल्यापासून रटारट उकळली की तिचा काढा होतो. भुकटी एकदम टाकली तर तळाशी कचकच राहते, म्हणून वाटीत गरम रस्सा घेऊन त्यात ती कालवली आणि एक चमचा भांड्यात सोडली. ढवळलं, चाखलं. तिखट, मीठ. कॉफीचा पत्ता नाही.

दुसरा चमचा घातला. तिखट, मीठ.

इथं जगातल्या कुठल्याही नाकवाल्या माणसाचा हात थांबला असता. कॉफी भांड्यातून वर येऊन त्याच्याशी बोलली असती. पण कॉफीचा कॉफीपणा सगळा वासात. जिभेच्या वाट्याला येतो तो फक्त तिचा कडूपणा, आणि तोही शेवटी, सगळं हाताबाहेर गेल्यावर. फक्रुद्दीन त्या कडूपणाची वाट बघत राहिला. तिसरा चमचा. मग आणखी. एकदाची जिभेच्या मागच्या अंगाला कडवट कड लागली, आणि त्याला हायसं वाटलं. आली कॉफी, म्हणाला मनात, आणि भांडं उतरवलं.

इमामबीनं भाकरीचा तुकडा बुडवून तोंडात घातला, आणि तशीच उठून मोरीवर जाऊन थुंकली.

"ह्यो रस्सा हाय का हकिमाचा काढा?"

त्यानं मुकाट्यानं मीठ चिमूटभर वाढवलं, कारण कडूला मीठच आधी दाबतं. मग गुळाचा खडा घातला. मग नारळाचं दूध. इमामबी चाखत गेली आणि मान हलवत गेली. थोडं जास्त झालेलं असं सावरतं, पण एवढं झालेलं सावरत नाही. वरून गोड आणि आतून कडू, असलं काहीतरी भांड्यात तयार झालं.

इमामबी आत गेली. परत आली तेव्हा तिच्या मुठीत एक चिंधी होती.

"डोळे मिटा."

"काय अम्मा?"

"मिटा म्हनते न्हवं."

तिनं ती चिंधी त्याच्या नाकाशी धरली. "काय हाय?"

त्यानं दीर्घ श्वास घेतला. हवा गार होती, बस्स. घरात दुसरं काय असणार? उद्या कबरीवर न्यायचं अत्तर आणलेलं होतं. "अत्तर," तो म्हणाला.

"डोळे उघडा."

चिंधीवरून रॉकेल तिच्या मनगटावर ओघळत होतं.

तिनं चिंधी मोरीत टाकली आणि मनगट पुसलं.

"कदीपास्नं?"

"तापातनं उठल्यापास्नं."

"कुनाला म्हाईत हाय?"

"तुमाला."

"वाड्यावर कळलं तर?"

"तर काय. काढून टाकतील."

हे तो इतक्या सपाट आवाजात बोलला की इमामबीलाच कसंतरी झालं. आपला जावई निर्दय आहे असं तिनं बेळगावपासून मनाशी धरलं होतं. आता समोरचा माणूस निर्दय नव्हता, रिकामा होता, आणि रिकाम्या माणसावर चिडायचं कसं हे तिला कळेना. ती चिडली ती रश्श्यावरच.

"मी सांगते उद्या कवा थांबायचं ते. माजं नाक हाय अजून."

"उद्याचं तुमी सांगाल. सायबांच्या जेवनाला कोन सांगंल?"

मग फक्रुद्दीन उठला, त्यानं दुसरी वाटी घेतली. कॉफी न घातलेला थोडा रस्सा त्यानं आधीच बाजूला काढून ठेवला होता, खानसाम्यांची ती सवयच असते. बरोब्बर एक पळी त्यानं वाटीत घेतली आणि चिमूट चिमूट कॉफी घालत, ढवळत, चाखत गेला. इमामबीला वाटलं, हा पुन्हा तेच करतोय. पण तो मोजत होता. कितव्या चिमटीला जीभ कडू झाली, ते त्यानं पाहिलं आणि वाटी मोरीत ओतली.

"भांडं बिगडवायचं न्हाई, वाटी बिगडवायची," तो म्हणाला. "वाटी कडू झाली की त्यातल्या चिमटी मोजायच्या. भांड्यात पळीमागं त्येच्या निम्म्या. कडू लागायच्या लई आधी थांबायचं."

इमामबीनं बाजूला काढलेल्यातल्या उरलेल्या रश्श्यात त्याच्या निम्म्या हिशेबानं कॉफी घालून बघितली, चमच्यानं सपाट मोजली. शेरभर मटणाला लहान सपाट चमचाभर भरत होती. तिनं चाखलं, आणि बराच वेळ तोंड हलवत राहिली.

"कॉफी म्हनून वळखू न्हाई आली पायजे," ती हळू म्हणाली. "खानाऱ्यानं म्हनलं की ह्यात कॉफी हाय, की ती जास्तच झाली समजायचं. नुस्तं कायतरी खोल लागलं पायजे." मग आवाज चढवून म्हणाली, "आनि उद्या बिया एवढ्या जाळू नका! मी उतरवा म्हनलं की उतरवायच्या."

दुसऱ्या दिवशी अंगणात चूल मांडली. बिया इमामबीच्या इशाऱ्यावर उतरल्या, तेवढी एक मदत त्यानं घेतली. बाकी सगळं त्याचं. मोठं भांडं, मोठं मटण, आणि कडेला बिघडवायची वाटी. वाटी बिघडली, चिमटी मोजल्या, निम्म्या केल्या, भांड्यातल्या पळ्यांचा हिशेब लावला आणि कालवलेली कॉफी भांड्यात सोडली. मग त्यानं चाखलं. तिखट, मीठ, खोबऱ्याचा गोडवा. कडू अजिबात नाही. बरोबर आहे की आळणी आहे, कळायला मार्ग नाही. काल जे चुकलं तेही असंच लागत होतं, सुरुवातीला.

फातिहा झाला. पंगत बसली. गल्लीतले लोक, मशिदीतले दोघंतिघं, आणि कडेला, भिंतीला टेकून जोतीराम. फक्रुद्दीननं वाढलं आणि तो वाढप्यासारखा बाजूला उभा राहिला. त्याची नजर जोतीरामच्या तोंडावर होती. नोकरी त्या तोंडात होती.

जोतीरामनं पहिला घास घेतला. दुसरा घेतला. मग वाटी उचलून सरळ तोंडाला लावली.

"फकरू! लेका, आरं काय केलंयस हे!" तो पंगतीत ओरडला. "सावरलास की! फरा तुझाच. आबासायेबांस्नी मी सांगतो आजच."

झालं. ज्यासाठी जीव मुठीत धरून बसला होता ते झालं. फक्रुद्दीननं मान हलवली आणि आनंद होतोय का म्हणून थोडा वेळ थांबून बघितलं. नाही झाला.

तेवढ्यात आत बायकांच्या पंगतीत गडबड उडाली. तो दारापाशी गेला. झुंबरबाई पदर तोंडात कोंबून रडत होती. "तिचाच हात हो," म्हणत होती, "नजीराचाच हात. परवा-परवापातुर मला वाटीभर द्यायची." तिच्या शेजारची बाई रडत होती. आणि इमामबी, काल ज्या बाईच्या डोळ्याला टिपूस नव्हतं ती, हातातला घास हातात धरून बसली होती आणि तिच्या तोंडावरून पाणी नुसतं वाहत होतं. तो घास तिला गिळवत नव्हता आणि टाकवतही नव्हता.

फक्रुद्दीन माघारी फिरला. पंगतीत म्हातारा मुल्ला हळू खात होता. जो तो ताटात बघून खात होता, कारण नजीराच्या दारात उभं राहून ज्यानं कधी वाटी नेली नाही असं त्या गल्लीत कुणी नव्हतंच.

तो चुलीपाशी आला. भांड्यात तळाशी रस्सा उरला होता. त्यानं पळीभर घेऊन तोंडात घातला. तिखट, मीठ, खोबऱ्याचा गोडवा. मग त्यानं भांड्याच्या काठाला दोन्ही हात लावले, तोंड आत घातलं आणि ओढला तेवढा श्वास ओढला. वाफेनं नाक ओलं झालं. पुन्हा ओढला. काही नाही. पुन्हा.

त्याच्या हातांनी केलं होतं हे. ती आज आली होती. गल्लीतल्या एकेकाला भेटली, आईच्या हातातल्या घासात जाऊन बसली, जोतीरामला सुद्धा भेटली. सगळ्यांना भेटून झालं, आणि त्याला तेवढी भेटली नाही. हे त्याला कळलं, आणि तापातून उठल्यापासून पहिल्यांदाच त्याला दुखलं. भूक लागते तसं दुखलं, अगदी पोटात. ती गेली, हे झुंबरबाईनं सांगितलं होतं, कबरीनं सांगितलं होतं. त्याला ते आज समजलं.

"कारभारी," तो भांड्यातून तोंड न काढताच म्हणाला.

जोतीराम हात धुऊन मिशा पुसत आला. "काय रं?"

"फरा माझ्याकडं देऊ नका."

"का? आत्ता तर म्हनलो न्हवं—"

"मला वास येत न्हाई. कसलाच. मगाचा रस्सा वाट्या बिगडवून मोजून केलाय. फऱ्याला वाटी न्हाई काढता येत. त्यो जळंल, आनि मला कळणार न्हाई."

जोतीराम त्याच्या पाठीकडं बघत राहिला. मग ते जळालेलं मांस, करपलेले कांदे, त्यानं स्वतः केलेली रदबदली, सगळं त्याच्या डोक्यात एका ओळीत आलं असावं. त्याला राग आला, पण इतक्या लोकांत आणि अशा दिवशी तो काढायचा कुठं?

"आरं, मग मुकाट बसायचास की," तो अखेर म्हणाला. "आजच्या दिवस तरी."

जोतीराम थोडा घुटमळला, पायात वहाणा सरकवल्या, आणि दाराबाहेर पडला. तो आबासाहेबांना काय सांगणार, हे त्याचं त्यालाही ठरवता येत नव्हतं.

इमामबी केव्हा बाहेर आली कळलं नाही. ती चुलीच्या पलीकडं बसली. तिनं सगळं ऐकलं होतं. नोकरीचं नाव काढलं नाही.

"अम्मा," तो म्हणाला. आता त्यानं तोंड वर काढलं होतं आणि ते पूर्ण भिजलं होतं, वाफेनं की कशानं ते त्यानं पुसलं नाही. "कसा येतोय वास? मला सांगा की."

इमामबीनं भांड्याकडं मान वळवली. सांगायला निघाली आणि अडली. इतका वास घेतला जन्मभर, पण तो शब्दांत कधी कुणाला सांगायची वेळ आली नव्हती.

"कांदा हाय," ती चाचपडत म्हणाली. "खोबरं. भाजल्यालं. त्येच्या खाली कायतरी काळं हाय, जळल्यालं न्हाई, जळायच्या आदलं." ती थांबली. "मला न्हाई सांगता येत, बाबा. ती चुलीपास्नं उठून आली की यायचा न्हवं? पदराला. केसाला. तसा."

"परत सांगा," तो म्हणाला.

तिनं पदर नाकाशी धरून श्वास घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली. "कांदा हाय…"